आईच्या पन्नाशीला काय लिहावं?

घटस्फोट झालेल्या आईला पन्नासाव्या वाढदिवसाचा संदेश लिहिताना लग्नाचा विषय टाळला, तरी तो मागच्या दाराने आत शिरतो. ‘इतकं सोसलंस’, ‘एकटीने आम्हाला वाढवलंस’, ‘आता तरी स्वतःसाठी जग’ ही वाक्यं कौतुकाची वाटतात, पण त्यांत जुना हिशेब असतोच. घरच्या ग्रुपवर टाकली, तर मामा-मावश्याही तोच सूर लावतात. त्यापेक्षा ती सध्या कशात रमली आहे, ते नेमकं लिहावं. समजा, आई नुकतीच पेटी शिकू लागली आहे:

‘आई, पन्नाशीच्या खूप खूप शुभेच्छा! संध्याकाळी भूप वाजवताना चुकलीस की तू पुन्हा सा पासून सुरू करतेस. मी स्वयंपाकघरातून ऐकत असते. यंदा दिवाळीच्या पहाटे आम्हाला तुझी पेटी ऐकायची आहे. फराळाचं मी बघते, तू रियाज कर.’

तिचं नवं पर्व इथे पेटीतून दिसतं, शिवाय पुढचा एक ठरलेला बेतही आहे. ‘नवी सुरुवात’ असं लिहिलं असतं, तर काय संपलं हेही आठवलं असतं. बाबांची पन्नाशी असली तरी मजकूर असाच बेतावा. फक्त त्यांनी स्वतः शिकलेल्या आमटीचं कौतुक करताना ‘शेवटी जमलं’ म्हणू नये.