शोधणाऱ्यासाठी नाव

विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रबंधांच्या तालिकीकरणाचे काम माझ्याकडे आहे. मराठवाड्यातील बारवांवर परिश्रमपूर्वक संशोधन केलेली एक विद्यार्थिनी, प्रबंध सादर करण्यापूर्वी शीर्षकात फेरफार करण्याची मुदत सरत आली असता, दोन नावे लिहिलेला कागद घेऊन आमच्या विभागात आली. पहिले नाव होते ‘पाण्याकडे उतरताना’. दुसरे, ‘परभणी जिल्ह्यातील बारवा व पायविहिरींचा स्थापत्यविषयक अभ्यास’. पहिल्यावर तिचे मन जडले होते, दुसरे मार्गदर्शकांनी सुचविले होते. “सर, पहिल्या नावात माझा सगळा प्रबंध आहे, दुसरे तर कोणाचेही असू शकेल,” असे ती म्हणाली, आणि तिच्या बोलण्यात तथ्य होते.

मी तिला दोन्ही नावांतील शब्द सुटे करून लिहावयास सांगितले. ही रीत जुनी आहे. शीर्षकातील प्रत्येक अर्थवाही शब्दाखाली त्या लेखनाची स्वतंत्र नोंद करून सूची यंत्राकडून सिद्ध करण्याची पद्धती आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी 1950च्या दशकाच्या अखेरीस मांडली. ‘आणि’, ‘वर’, ‘मधील’ यांसारखे शब्द त्यात गाळले जातात, आणि उरलेल्या शब्दांवरच वाचकाची व ग्रंथाची गाठ पडते. ‘पाण्याकडे उतरताना’ या नावाचे असे तुकडे केले असता ‘पाण्याकडे’ आणि ‘उतरताना’ एवढे दोनच शब्द हाती राहिले. बारवांची माहिती हवी असलेला कोणता अभ्यासक हे शब्द टंकित करील, या प्रश्नाला तिच्यापाशी उत्तर नव्हते.

परंतु साध्या नावाचीही परीक्षा घेणे न्याय्य होते. ‘अभ्यास’ हा शब्द शेकडो प्रबंधांच्या नावांत असल्यामुळे निवडीच्या कामी निरुपयोगी ठरतो. शिवाय शोधयंत्रणेला मराठी विभक्तीचे ज्ञान असतेच असे नाही. तिला केवळ अक्षरांची जुळणी कळते. मी आमच्या संगणकावर शेवटी तारांकन देऊन `बारव*` असे लिहिले तेव्हा ‘बारवा’ आणि ‘बारवांचे’ अशी रूपे असलेल्या जुन्या नोंदी समोर आल्या, कारण मूळ शब्द त्यांत अखंड राहतो. `पायविहीर*` असे लिहिले तेव्हा मात्र ‘पायविहिरींचा’ हे रूप असलेली नोंद आली नाही, कारण सामान्यरूपात ‘ही’चा ‘हि’ होतो आणि तेथेच जुळणी तुटते. तात्पर्य, मार्गदर्शकांनी सुचविलेले नाव सरळ असूनही अर्धेच सापडणारे होते.

“मग दोन्ही नावे अपूर्णविरामाने जोडली तर?” असे तिने विचारले. पुष्कळ विद्यार्थी हाच मार्ग पत्करतात. पण तालिकेत नोंद करताना `245` या क्षेत्रात चिन्हापूर्वीचा भाग `$a` मध्ये मुख्य शीर्षक म्हणून, आणि नंतरचा भाग `$b` मध्ये उपशीर्षक म्हणून जातो. आणि अपुऱ्या जागेच्या याद्यांत व घाईने केलेल्या संदर्भनोंदींत जे गळते ते बहुधा उपशीर्षकच असते. चमकदार नाव आधी ठेवले की वगळला जातो तो नेमका विषय. तालिकाकार विषयशीर्षके देऊन ही उणीव भरून काढू शकतो, हे खरे; तथापि ज्या भांडारात प्रबंध स्वतः विद्यार्थ्याने दिलेल्या माहितीनिशी दाखल होतो, तेथे तो आधार गृहीत धरता येत नाही.

तेव्हा आम्ही क्रम उलटा केला आणि विषयवाचक नामे मूळ रूपात अग्रभागी आणली : ‘बारव आणि पायविहीर : परभणी जिल्ह्यातील मध्ययुगीन जलस्थापत्य’. वस्तू, प्रदेश आणि काल, या ज्या तीन वाटांनी अभ्यासक येण्याचा संभव, त्या तिन्ही यात मोकळ्या राहिल्या, आणि ‘अभ्यास’ हा शब्द कोणाचीही हानी न होता गळाला.

तिच्या आवडत्या नावाचे काय करावे, हा प्रश्न तिचा तिनेच सोडविला. पावसाळ्यानंतर बारवेतील पाणी वर असते आणि उन्हाळ्यापर्यंत ते एकेक पायरी खाली जाते. पातळी कोठेही असली तरी माणसाला पाण्यापर्यंत पोहोचता यावे, याच हेतूने त्या पायऱ्या बांधलेल्या असतात. हे विवेचन तिच्या तिसऱ्या प्रकरणात होते, आणि ‘पाण्याकडे उतरताना’ हे नाव तिने त्या प्रकरणाला दिले. प्रबंध उघडून तेथवर आलेल्या वाचकाला त्या शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मुखपृष्ठावरील शीर्षक मात्र ज्याला हा प्रबंध अस्तित्वात आहे हेच ठाऊक नाही, अशा माणसासाठी असते, आणि त्याच्याशी बोलताना त्याच्याच तोंडचे शब्द वापरणे हे संशोधकाचे कर्तव्य आहे, असे मला वाटते. उद्या याच संशोधनाचे पुस्तक झाले आणि ते दुकानात वाचकाच्या हाती प्रत्यक्ष पडू लागले, तर तिने ते नाव खुशाल पुढे आणावे. प्रबंधासाठी तिने दुसऱ्या दिवशी फेरफाराचा अर्ज दिला, तो साध्या नावाचा.