पाकीट लहान म्हणून अक्षरं बारीक?

चिवडा-चिक्की विकणाऱ्या लघुउद्योजकांकडून आणि त्यांच्या डिझायनरांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: “पाकीट एवढंसं, घटकांची यादी बारीकच येणार. जागाच नाही!” ऐकून ऐकून कान किटले आहेत. जागा आहे की नाही, ते पट्टी घेऊन मोजू.

सात बाय नऊ सेंटिमीटरचं चिवड्याचं पाकीट घ्या. एक बाजू ६३ चौरस सेंटिमीटर, दोन्ही मिळून १२६. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांत घटकांच्या यादीची सूट १०० चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या पाकिटालाच मिळते, आणि तेव्हाही यादी बाहेरच्या मोठ्या पाकिटावर द्यावी लागते. म्हणजे आपल्या पाकिटाला सूट नाही.

पातळ पोहे, शेंगदाणे, शेंगदाणा तेल, डाळं, सुकं खोबरं, साखर, मीठ, मिरची, कढीपत्ता, हळद, मोहरी, हिंग. ही यादी इंग्रजीत लिहिली, तर मोकळ्या जागा धरून साधारण दीडशे अक्षरं होतात. एरियल टाइपात साडेसहा पॉइंटला एक अक्षर सरासरी १.१५ मिलिमीटर रुंदी घेतं. दोन्हीकडे अर्धा सेंटिमीटर समास सोडला तर ओळ ६० मिलिमीटरची. एवढ्यात यादी तीन-चार ओळींत बसते. शेंगदाण्याच्या ॲलर्जीची सूचना धरून पाच ओळी. दर ओळीला तीन मिलिमीटर दिले, तर सगळं मिळून नऊ चौरस सेंटिमीटर, म्हणजे मागच्या बाजूचा सातवा हिस्सा. वरखालच्या सीलच्या पट्ट्या आणि पोषणमूल्यांचा तक्ता वजा करूनही जागा उरते. ती खाल्लेली असते चिवड्याच्या दुसऱ्या फोटोने, “आजीच्या हातची चव” या मजकुराने आणि समाजमाध्यमांच्या चार चिन्हांनी!

साडेसहाच पॉइंट का? इथे दुसरा गैरसमज येतो: “सहा पॉइंट म्हणजे सहा पॉइंट, टाइप कुठलाही घ्या.” पॉइंटने अक्षर मोजलंच जात नाही. शिशाच्या खिळ्यांच्या काळापासून तो मोजतो अक्षराखालचा ठोकळा. त्या ठोकळ्यात अक्षर किती मोठं बसवायचं, हे टाइप घडवणारा ठरवतो. सहा पॉइंटला टाइम्समधला स्मॉल ‘एक्स’ जेमतेम ०.९५ मिलिमीटर उंच असतो, एरियलमधला १.१. म्हणून युरोपीय संघाच्या ११६९/२०११ या नियमात पॉइंटचा आकडाच नाही. तिथे स्मॉल ‘एक्स’ची उंची किमान १.२ मिलिमीटर लागते, आणि सर्वांत मोठी बाजू ८० चौरस सेंटिमीटरहून लहान असेल तर ०.९. आपलं पाकीट त्या सवलतीत बसतं, तरी मी १.२ च धरतो. ती एरियलला साडेसहा पॉइंटच्या आसपास मिळते, टाइम्सला साडेसात ओलांडावे लागतात. आणि एरियल सत्तर टक्क्यांवर दाबून बसवला, तर उंची कायम राहते पण अक्षरांची पोटं मिटतात. ही पळवाट नियमात बसेल, डोळ्यांत नाही.

देवनागरीत तर हे माप नुसतं उचलून लावताही येत नाही. शिरोरेषेवर वेलांटी आणि अनुस्वार, खाली उकार. त्यांना ठोकळ्यात जागा ठेवावी लागत असल्याने मूळ अक्षर त्याच पॉइंटला लहान होतं. साडेसहाच्या इंग्रजीशेजारी मराठी आठच्या आसपास घ्या आणि ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर ठेवा. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. ‘हिंग’वरचा अनुस्वार गेला की उरतं ‘हिग’. (नुसती मराठी यादी चालत नाही, इंग्रजी किंवा हिंदी लागतेच, मराठी जोडीला.)

उरलेले समज थोडक्यात. “सगळं ठळक केलं की उठून दिसतं”: प्लॅस्टिकवर शाई किंचित पसरते आणि ठळक ‘ष्ट’, ‘क्ष’ यांचे काळे ठिपके होतात, मध्यम वजन घ्या, ठळक फक्त ॲलर्जीची सूचना. “सगळी कॅपिटल अक्षरं मोठी दिसतात”: दिसतात, पण रुंदी इतकी खातात की बसवायला पॉइंट कमी करावे लागतात. “गडद मरूनवर सोनेरी अक्षरं श्रीमंत वाटतात”: चकचकीत पाकिटावर ट्यूबलाइट पडली की वाचता येत नाहीत. गडद रंगात कोरलेली पांढरी बारीक अक्षरंही तशीच फसतात, कारण भोवतालची शाई आत सरकते. रंगांचे ठसे जरा हलले की कडा धूसर. पांढऱ्या पट्ट्यावर एकट्या काळ्या शाईत छापा. पारदर्शक खिडकीवर तर काहीच नको, मागे चिवडा हलतो.

“स्क्रीनवर तर स्वच्छ दिसत होतं” हेही नेहमीचंच. दिसणारच, तिथे पाकीट तिप्पट मोठं केलेलं असतं. खऱ्या मापात साध्या कागदावर छापा, चुरगाळून सरळ करा आणि चाळिशी ओलांडलेल्या कुणाला तरी चष्म्याशिवाय, हातभर अंतरावरून वाचायला द्या. तो ‘हळद’ आणि ‘मोहरी’ न अडखळता वाचत नसेल, तर दुसरा फोटो काढून टाका.