सोमवारी खरंच जास्त तक्रारी येतात का?

एखाद्या कॉलेजच्या संगणक हेल्पडेस्ककडे जुलै २०२४ मध्ये काही शे तक्रारी आल्या, असं समजू. एक्सेलमध्ये प्रत्येक तक्रारीची एक ओळ आहे: तिकीट क्रमांक, तारीख, प्रकार. कोणत्या वारी कसली तक्रार जास्त येते, हे पिव्होट टेबल मिनिटभरात सांगतं. पण त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवण्याआधी थोडी तयारी लागते.

आधी वाराचा वेगळा स्तंभ करा. तारीख B2 मध्ये असेल, तर

```
=WEEKDAY(B2,2)
```

हे सूत्र सोमवारला १ आणि रविवारला ७ देतं. तारखेचं नुसतं फॉरमॅट बदलून तिथे वार दाखवला, तर आत तारीख तशीच राहते आणि पिव्होटमध्ये एकाच सोमवारचे पाच सोमवार होऊ शकतात. ०३/०७ ही तारीख संगणकाने ७ मार्च अशी वाचली, तर बुधवारची तक्रार गुरुवारात जाते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून तारखांच्या फिल्टरमध्ये जुलैशिवाय दुसरा महिना डोकावतो का, ते पाहून घ्यावं. एक्सेलला तारीख म्हणून वाचता न येणारा मजकूर असेल, तर `#VALUE!` दिसतं. ही चूक निदान लपून राहत नाही.

आता Insert मधून PivotTable घ्या. Rows मध्ये प्रकार, Columns मध्ये वार, Values मध्ये तिकीट क्रमांक ठेवा. क्रमांक आकड्यांत असल्यामुळे एक्सेल त्यांची बेरीज करून बसतं; तिथे Sum ऐवजी Count निवडावं लागतं.

समजा, पासवर्डच्या तक्रारी सोमवारी ४५, बुधवारी ३२ आणि गुरुवारी ३६ दिसल्या. सोमवार जड वाटतो. पण त्या महिन्याची सुरुवातच सोमवारी झाली होती, त्यामुळे सोमवार, मंगळवार आणि बुधवार पाच-पाच आले, बाकीचे वार चार-चार. पंचेचाळीसला पाचाने भागलं की नऊ, छत्तिसाला चारने भागलं तरी नऊच. म्हणजे सोमवार आणि गुरुवार बरोबरीचे. बुधवारही पाच होते, पण १७ जुलैला मोहरमची सुट्टी होती. तेव्हा ३२ ला चारने भागायचं, म्हणजे रोजच्या आठ तक्रारी. पाचने भागलं असतं, तर बुधवार उगाच हलका वाटला असता. कॉलेज कोणत्या दिवशी बंद होतं, हे पिव्होटला माहीत नसतं, म्हणून हा भागाकार कॅलेंडर समोर ठेवून आपणच करायचा.

याउलट प्रिंटरच्या तक्रारी सोमवारी २० आणि शुक्रवारी २८ असतील, तर रोजचा हिशेब चार आणि सात असा होतो. हा फरक भागाकारानंतरही उरतो, वाढतोसुद्धा. अशा वेळी २८ या आकड्यावर डबल-क्लिक करा. त्यामागच्या अठ्ठावीस ओळी नव्या पानावर उघडतात. त्या सगळ्या एकाच शुक्रवारच्या आहेत की चारही शुक्रवारांत विखुरल्या आहेत, हे तिथे दिसतं. एकाच दिवशीच्या निघाल्या, तर दोष त्या दिवशीच्या बिघाडाचा, शुक्रवारचा नव्हे.