मोजायची दुकानं कोणी निवडायची?

१९९२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या फार-मोर या साखळीतला घोटाळा उघडकीस आला. औषधं आणि घरगुती वस्तू स्वस्तात विकणारी ही कंपनी, मुख्यालय ओहायो राज्यातल्या यंग्सटाउनमध्ये, दुकानं तीनशेच्या वर. हिशेबातली लबाडी सुमारे ५० कोटी डॉलरची निघाली आणि तिचा बराचसा भाग ‘शिल्लक माल’ या नावाखाली ताळेबंदात बसलेला होता. ऑडिटर दरवर्षी माल मोजताना हजर राहत. पण ते चारच दुकानांत जात, आणि कोणत्या चार, हे कंपनीला कित्येक महिने आधी कळवत. कंपनी त्या चार दुकानांचा हिशेब चोख ठेवी आणि कागदावरचा माल उरलेल्या दुकानांच्या नावे टाकी.

ऑडिटची आखणी करताना ज्या तीन जोखमी तोलतात, त्या या एका प्रकरणात स्वच्छ दिसतात.

पहिली उपजत जोखीम. कंपनीत कसलीही देखरेख नाही असं धरलं, तर हा आकडा चुकण्याची किंवा चुकवला जाण्याची शक्यता किती? दुकानांच्या भाड्याचा आकडा करारावरून पडताळता येतो, तिथे ही जोखीम कमी. शिल्लक मालाचं तसं नाही. हजारो प्रकारच्या वस्तू शेकडो ठिकाणी पसरलेल्या असतात. त्या चोरीला जातात, फुटतात, मुदतबाह्य होतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे याच आकड्यावर नफा ठरतो. समजा, एका साखळीकडे वर्षाच्या सुरुवातीला ४० कोटींचा माल होता, वर्षभरात ३०० कोटींची खरेदी झाली आणि अखेरीस ४५ कोटींचा माल उरला. म्हणजे विकलेल्या मालाची किंमत २९५ कोटी. विक्री ३३० कोटी असेल तर ढोबळ नफा ३५ कोटी. आता शेवटचा माल ४५ ऐवजी ५० कोटी दाखवला, की एकही जास्तीची वस्तू न विकता नफा ४० कोटी होतो. पण हा खोटा शेवटचा माल पुढच्या वर्षीचा सुरुवातीचा माल होतो आणि त्या वर्षाचा नफा ५ कोटींनी खातो. तो खड्डा झाकायला पुन्हा तेवढा खोटा माल दाखवावा लागतो, आणि त्या वर्षीही नफा फुगवायचा असेल तर त्याहून जास्त. असे घोटाळे एकदा सुरू झाले की वाढतच जातात, ते यामुळे.

दुसरी नियंत्रणाची जोखीम. कंपनीने स्वतः बसवलेली व्यवस्था ही चूक वेळेत पकडेल का? इथे ऑडिटर व्यवस्थेबद्दलचं वर्णन ऐकून थांबत नाही, ती चालते का ते तपासतो. गाडीतून उतरलेला माल मोजून आवक नोंद होते का, एका दुकानातून दुसऱ्यात पाठवलेला माल दोन्हीकडे नोंदला जातो का, मोजणीत तूट आली तर ती खर्चात जाते का, हे कागदांवरून ताडून पाहतो. फार-मोरमध्ये दुकानातली मोजणी बाहेरची संस्था करत असे. बिघाड त्यापुढे, मुख्यालयात होता. नुकसानीच्या रकमा हिशेबखात्यातली मंडळी एका तात्पुरत्या खात्यात साठवत आणि वर्षअखेरीच्या ऑडिटआधी ते खातं रिकामं करून त्या रकमा दुकानांच्या नावे माल म्हणून वाटून टाकत. त्यामुळे दुकानातली व्यवस्था चांगली दिसली म्हणून नियंत्रणाची जोखीम कमी लिहिणं धोक्याचं असतं. मोजणीचा मूळ कागद हातात घेऊन तो आकडा खातेवहीत पोचेपर्यंत त्याचा माग काढावा लागतो. वर्षअखेरीस मुख्यालयातून, पावती किंवा मोजणीचा आधार नसलेली नोंद दुकानांच्या मालात वाढ करत असेल, तर तिथेच थांबून विचारायचं.

या दोन्ही जोखमी कंपनीच्या आहेत. ऑडिटर त्यांचा अंदाज घेऊ शकतो, त्या कमी करू शकत नाही. त्याच्या हातात असते ती तिसरी जोखीम, म्हणजे त्याच्या स्वतःच्या तपासातून मोठी चूक निसटण्याची. तिघींचा गुणाकार म्हणजे चुकीच्या हिशेबावर ‘बरोबर’ अशी सही होण्याचा एकूण धोका.

आकड्यांत पाहू. ऑडिटरला हा एकूण धोका ५ टक्क्यांच्या वर नको आहे. उपजत जोखीम त्याने ८० टक्के धरली, नियंत्रणाची ५० टक्के. दोन्हींचा गुणाकार ४० टक्के, म्हणून त्याच्या तपासातून निसटण्याची शक्यता १२.५ टक्क्यांच्या आत राहायला हवी. नियंत्रणावर अजिबात भरवसा नसेल, म्हणजे ती जोखीम १०० टक्के धरली, तर हीच मर्यादा ६.२५ टक्क्यांवर येते. ८० आणि ५० हे काही मोजून काढलेले आकडे नव्हेत. ते अनुभवाने केलेले अंदाज आहेत, आणि बऱ्याच फर्म ‘जास्त, मध्यम, कमी’ एवढंच लिहितात.

आता दुकानांकडे वळू. समजा ३०० दुकानांपैकी ६० दुकानांत खोटा माल दाखवलेला आहे, आणि दुकानात गेलं की तो हमखास लक्षात येतो. चिठ्ठ्या टाकून ४ दुकानं निवडली, तर त्यांत यांपैकी एकही न येण्याची शक्यता सुमारे ४१ टक्के. १२.५ टक्क्यांच्या आत यायला १० दुकानं लागतात, ६.२५ च्या आत यायला १३. तीनशेपैकी तेरा ही संख्या फार मोठी नाही. पण यादी आधी कळवली की हे गणितच लागू पडत नाही. सांगितलेल्या दुकानांत खोटा माल ठेवणार कोण? मग चार मोजा की चाळीस, निसटण्याची शक्यता शंभर टक्क्यांच्या आसपासच राहते. माझ्या मते चार दुकानं कमी होती यापेक्षा ती चार आधी कळवली, हे जास्त गंभीर होतं. भर म्हणजे कंपनीच्या हिशेबखात्यातले काहीजण पूर्वी त्याच ऑडिट फर्ममध्ये, कूपर्स अँड लायब्रँडमध्ये, होते. तपास कसा होतो हे त्यांना ठाऊक होतं. १९९६ मध्ये ज्यूरीने या फर्मला जबाबदार धरलं.

आपल्याकडे शिल्लक मालाची रक्कम मोठी असेल, तर शक्य असेल तिथे मोजणीला स्वतः हजर राहणं ऑडिटरला आयसीएआयच्या एसए ५०१ या मानकानुसार बंधनकारक आहे. कंपनीची व्यवस्था कितीही उत्तम असली, तरी महत्त्वाच्या रकमांची थेट तपासणी पूर्णपणे सोडून देता येत नाही.

मोजणीच्या दिवशी दोन दिशांनी काम होतं. यादीतल्या काही वस्तू निवडून त्या फळीवर खरोखर आहेत का ते पाहायचं, म्हणजे कागदावरचा माल पकडता येतो. मग फळीवरच्या काही वस्तू उचलून त्या यादीत आहेत का ते पाहायचं, म्हणजे सुटलेला माल कळतो. दुकानांमधली मालाची ने-आण त्या दिवशी थांबवायला सांगतात, नाहीतर तोच माल सकाळी एका दुकानात आणि संध्याकाळी दुसऱ्यात मोजला जातो. शेवटच्या आवक-जावक पावत्यांचे क्रमांक टिपून घेतात, कारण ३१ मार्चला वाटेत असलेला माल कोणत्या वर्षात धरला, हे नंतर त्यांवरूनच ठरवता येतं.

आणि एखाद्या दुकानात यादीपेक्षा माल बराच कमी निघाला, तर त्या दुकानाची नोंद दुरुस्त करून काम संपत नाही. हीच तूट बाकीच्या दुकानांत असेल का, हे पाहायला नियंत्रणाची जोखीम वाढवून धरतात, निसटण्याची मर्यादा नव्याने काढतात आणि आणखी दुकानं निवडतात. त्या दुकानांची नावं कंपनीला मोजणीच्या सकाळीच कळतात.