‘नाही’ म्हणायला जागा हवी

माझा भाचा कॅलिफोर्नियात, फ्रिमाँटला असतो. मागच्या वर्षी त्याचा फोन आला. ‘‘मावशी, ग्रुपमधली एक मुलगी आवडते. कॉफीला विचारू का?’’

‘‘विचार की!’’

‘‘नाही म्हणाली तर? दर शनिवारी एकमेकांची तोंडं चुकवायची. इथे आपली मराठी मंडळी आहेत तरी किती?’’

त्याची भीती खरी होती. त्याआधी याच ग्रुपने गंमत म्हणून दोघांना एका गाडीत बसवलं आणि बाकीचे ऐनवेळी गळाले. त्या मुलीला परत यायला दुसरी सोयच नव्हती. तेव्हापासून ती ग्रुपमध्ये यायचीच बंद झाली.

या वेळी भाच्याने फक्त एकीला सांगितलं, त्या मुलीच्या रूममेटला. तिने एवढंच विचारायचं होतं : ‘‘त्याने तुला कॉफीला विचारलं तर अवघड वाटेल का?’’ ‘तो आवडतो का?’ असं नाही. तसं विचारलं की लगेच निकाल द्यावा लागतो. उत्तर ‘जाऊ दे गं’ असं आलं, तर विषय तिथेच संपवायचा, तिची समजूत काढत बसायचं नाही, हेही ठरलं. उत्तर आलं, ‘‘फारशी ओळख नाही, पण विचारलं तर चालेल.’’

ओळख व्हावी म्हणून मिशन पीक ठरलं. माणसं सहा, गाड्या तीन. ती रूममेटबरोबर स्वतःच्या गाडीने आली, म्हणजे कधीही निघायला मोकळी. स्टॅनफर्ड अव्हेन्यूकडून जाऊन-येऊन साधारण सहा मैल, चढ सुमारे दोन हजार फुटांचा. अशा चढावर जोड्या आपोआप बदलतात. दम लागला की गप्प राहिलं तरी अवघडल्यासारखं होत नाही. बाकी तिघांना काही माहीत नव्हतं, त्यामुळे चिडवाचिडवी झाली नाही. उतरताना ती आपणहून दोनदा याच्याबरोबर चालली.

दुसऱ्या दिवशी त्याने ग्रुपवर नाही, तिला एकटीला मेसेज केला : ‘काल मजा आली. रविवारी सकाळी कॉफीला येशील का, आपण दोघंच? नाही जमलं तरी हरकत नाही, पुढच्या ट्रेकला भेटूच.’ ‘दोघंच’ हा शब्द हवाच, नाहीतर ती सगळे असतील म्हणून यायची आणि पुन्हा तोच सापळा!

तिचं उत्तर आलं, ‘या रविवारी नाही, शनिवारी चालेल?’ दुसरा दिवस सुचवला म्हणजे होकार. ‘बघू, सगळेच जाऊ’ असं आलं असतं, तर तो नकार समजून पुन्हा विचारायचं नव्हतं.

चार-पाच वेळा भेटले. मग तिनेच सांगितलं, ‘‘मैत्रीच बरी वाटते.’’ भाचा आठवडाभर गप्पगप्प होता. पण गेल्या महिन्यात त्याने मिशन पीकवरचा फोटो पाठवला. सहाच्या सहा जण होते, तीही होती.