सगळ्यात जवळचा रस्ता, आणि एक उणे चिन्ह

आजच्या भागाचं हे लिखित रूप. आकडे नुसते ऐकून डोक्यात राहत नाहीत, म्हणून उदाहरण इथे नीट मांडून दिलंय. कागद-पेन जवळ असेल तर उत्तम.

१९५६ साली ॲमस्टरडॅममध्ये एड्सगर डायक्स्ट्रा या तरुण प्रोग्रॅमरला एक प्रश्न पडला होता: रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जायचा सगळ्यात जवळचा रस्ता कसा शोधायचा? पद्धत त्याला एका कॅफेत बसल्या-बसल्या सुचली, साधारण वीस मिनिटांत, तीही कागद-पेनाशिवाय. १९५९ मध्ये ती छापून आली. प्रायॉरिटी क्यूची जोड तिला नंतर मिळाली.

आता आपला छोटा नकाशा घेऊ. गावं चार: अ, ब, क, ड. रस्ते एकेरी, आणि प्रत्येकाला लागणारी मिनिटं अशी: अ→ब ७, अ→क ३, क→ब २, ब→ड ४. आपण अ गावात उभे आहोत.

प्रायॉरिटी क्यू म्हणजे अशी रांग, जिथे आधी आलेल्याचा नाही, तर सगळ्यात लहान आकड्याचा नंबर आधी लागतो. अ पासून सुरुवात केली की रांगेत दोन नोंदी येतात: क ३, ब ७. लहान आकडा क चा, म्हणून तो बाहेर काढायचा आणि त्याला कुलूप लावायचं. म्हणजे क चं उत्तर ३, पक्कं. आता क वरून ब ला जाऊन बघू: ३ अधिक २, पाच. सातपेक्षा कमी! म्हणून ब ५ अशी नवी नोंद रांगेत टाकायची. पुढे ब पाचवर बाहेर येतो, त्याला कुलूप लागतं, आणि ड ९ रांगेत जातो. मधेच ब ची जुनी ७ वाली नोंद वर येते. ब ला कुलूप आहे, म्हणून ती सोडून द्यायची. शेवटी ड, उत्तर ९.

कुलपाचं काम कोडमध्ये एवढंच असतं:

```python
d, u = heapq.heappop(pq)
if u in done:
    continue
done.add(u)
```

पण कुलूप इतक्या खात्रीने का लावायचं? कारण क तीनवर बाहेर आला तेव्हा रांगेतल्या बाकी सगळ्या नोंदी तीन किंवा त्याहून मोठ्या होत्या. दुसरीकडून फिरून क ला यायचं, तर आधीच मोठ्या असलेल्या आकड्यात आणखी भरच पडणार. पुढे गेल्यावर आकडा कमी होत नाही, या एका गोष्टीवर सगळं उभं आहे.

आणि इथेच गंमत होते. रस्ते तेच ठेवू, पण आता मिनिटं नको, इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीचे टक्के मोजू. क गाव घाटमाथ्यावर आहे. चढताना बॅटरी खर्च होते, उतरताना ब्रेकमधून थोडी परत भरते. सोपे आकडे धरू: अ→ब २, अ→क ५, क→ब उणे ४, ब→ड १.

रांगेत ब २, क ५. ब बाहेर, कुलूप. ड तीनवर बाहेर, कुलूप. मग क पाचवर बाहेर येतो आणि म्हणतो, "माझ्याकडून ब ला या, ५ वजा ४, म्हणजे फक्त १!" पण ब ला कुलूप केव्हाच लागलंय. प्रोग्रॅम सांगतो ड साठी ३ टक्के, खरं उत्तर २. एरर नाही, काही नाही, गुपचूप चुकीचं उत्तर.

मग कळणार कसं? शेवटी प्रत्येक रस्ता एकदा तपासा: सुरुवातीच्या गावाचा आकडा अधिक रस्त्याचा आकडा, हा पुढच्या गावाच्या आकड्यापेक्षा कमी येतो का? क→ब वर ५ वजा ४ म्हणजे १, आणि ब वर लिहिलंय २. सापडली चूक.

बऱ्याच जणांना वाटतं, सगळ्या रस्त्यांत ४ मिळवा, उणे चिन्ह गेलं! करून बघा. अ→ब होतो ६. क वरून जाणारा रस्ता होतो ९ अधिक ०, म्हणजे ९. आता सरळ रस्ताच स्वस्त दिसतो, जो खरं तर महाग आहे. कारण दोन तुकड्यांच्या वाटेवर चार दोनदा चढले आणि एका तुकड्याच्या वाटेवर एकदाच.

कुलूप काढून टाकलं, आणि लहान आकडा मिळाला की गाव पुन्हा रांगेत घातलं, तर आपल्या नकाशावर उत्तर बरोबर येतं. पण वाईट नकाशा मिळाला तर तीच गावं पुन्हा पुन्हा रांगेत येतात आणि काम भयंकर वाढतं. त्यापेक्षा बेलमन-फोर्ड वापरा. त्यात कुलूप नाही. सगळे रस्ते तपासायचे, तेही गावांच्या संख्येपेक्षा एक कमी इतक्या वेळा. आपल्याकडे चार गावं, म्हणजे तीन फेऱ्या. त्यानंतरही एखादा आकडा कमी होत असेल, तर नकाशात असं वर्तुळ आहे की फिरत राहिलं तर खर्च घटतच जातो. तिथे 'सगळ्यात स्वस्त रस्ता' असं काही उरतच नाही. गाडीच्या बाबतीत असं वर्तुळ दिसलं तर आधी डेटा तपासा, कारण घाटाला चक्कर मारून कुठलीच बॅटरी आपोआप भरत नाही!