खाज नाही, त्यालाही मलम

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एका वसतिगृहातला अकरावीचा मुलगा दवाखान्यात आला. दोन्ही मनगटांवर ओरखडे, बोटांच्या बेचक्यात बारीक पुळ्या आणि डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. "सर, दिवसभर ठीक असतं. रात्री पांघरुणात शिरलो की सुरू होतं," तो म्हणाला. खरजेचा रोगी पहिल्या वाक्यात हेच सांगतो. पण या मुलाची खरूज एकदा बरी होऊन परत आली होती. ती परत का आली, हे समजलं की या रोगाचं बरंचसं गणित सुटतं.

खरूज हा घाणेरडेपणाचा रोग नाही. रोज दोनदा आंघोळ करणाऱ्यालाही ती होते. 'सार्कोप्टिस स्केबिआय' नावाचा आठ पायांचा कीटक तिचं मूळ आहे. मादी जेमतेम 0.3 ते 0.4 मिलिमीटरची, म्हणजे नजर चांगली असली तर टाचणीने टोचल्याएवढा ठिपका दिसेल न दिसेल. कातडीच्या सर्वांत वरच्या थरात ती आडवा बोगदा पोखरत जाते आणि रोज दोन-तीन अंडी मागे ठेवते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात, दोनेक आठवड्यांत पिल्लं वयात येतात. तिला उडी मारता येत नाही, उडताही येत नाही. एका अंगावरून दुसऱ्या अंगावर ती चालत जाते आणि त्यासाठी कातडीला कातडी बराच वेळ लागून असावी लागते. हस्तांदोलनातून ती सहसा पसरत नाही. थंडीत दोन खाटा जोडून तिघांनी एका रजईत झोपण्यातून मात्र हमखास पसरते.

खाज कीटकाच्या चावण्याने येत नाही. कीटक, त्याची अंडी आणि विष्ठा यांची शरीराला जी अॅलर्जी होते, तिची ती खाज असते. ही अॅलर्जी तयार व्हायला पहिल्या वेळी चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे जवळजवळ महिनाभर माणसाच्या अंगावर खरूज असते, ती दुसऱ्याला लागत असते आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ता नसतो. एकदा होऊन गेलेल्याला पुन्हा लागण झाली, तर शरीर शत्रूला ओळखून असल्यामुळे एक ते चार दिवसांतच खाज सुटते.

आता या मुलाचं कॅलेंडर पाहू. दिवाळीच्या सुटीत तो गावी गेला होता. घरात मावशीचा चार वर्षांचा मुलगा रात्रभर खाजवायचा आणि झोपायचा याच्या कुशीत. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात हा वसतिगृहात परतला, तेव्हा अंगावर एक पुळी नव्हती. डिसेंबरच्या मध्यावर खाज सुरू झाली. मेडिकलमधून विचारून एक मलम आणलं. त्यात स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडने अॅलर्जी दबते, म्हणून आठवडाभर बरं वाटलं. कीटक मात्र निवांत वाढत राहिले आणि पुरळाचं रूप इतकं बदललं, की कुणालाही तो नायटा किंवा इसब वाटावा.

जानेवारीच्या सुरुवातीला एका डॉक्टरांनी खरूज ओळखून पर्मेथ्रिन दिलं. मुलाने ते नीट लावलं आणि वीस-एक दिवसांत तो जवळजवळ बरा झाला. मग अचानक दोन रात्रींत खाज परतली, तीही पहिल्यापेक्षा जोरात. औषध कुचकामी आहे, अशी त्याची खात्री झाली. पण औषधाने आपलं काम केलं होतं. चूक एवढीच होती, की खोलीत आठ मुलं राहत होती आणि मलम एकानेच लावलं होतं. नोव्हेंबर-डिसेंबरात ज्यांना त्याच्याकडून लागण झाली, त्यांचा मुका महिना जानेवारीत चालू होता. बरा झालेला मुलगा त्यांच्याच शेजारी झोपत होता.

निदानासाठी मी आधी त्याची बोटं फाकवून पाहिली. बेचक्यात एक करडी, वाकडीतिकडी रेघ होती, अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरची. तोच मादीचा बोगदा. त्वचेवर टेकवून पाहायच्या भिंगातून रेघेच्या टोकाला काळपट त्रिकोण दिसला. आकाशात विमान पुढे आणि मागे त्याची पांढरी रेघ, तसं हे चित्र दिसतं. त्रिकोण म्हणजे कीटकाचं डोकं आणि पुढचे पाय. भिंग नसेल, तर तेलाचा थेंब टाकून पात्याने रेघ हलकेच खरवडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली कीटक किंवा अंडी शोधतात. पण खरवडीत काही मिळालं नाही, म्हणून खरूज नाही, असं म्हणता येत नाही. कारण साध्या खरजेत सगळ्या अंगावर मिळून दहा-पंधरा माद्याच असतात. केनेथ मेलनबी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेकडो रुग्णांच्या अंगावरच्या माद्या अक्षरशः मोजल्या होत्या. सरासरी निघाली होती साधारण अकरा.

म्हणून बहुतेक वेळा निदान तीन गोष्टींवर होतं: रात्री वाढणारी खाज, पुळ्यांच्या ठरलेल्या जागा आणि सोबत राहणाऱ्यांपैकी आणखी कुणाला तरी खाज. जागा म्हणजे बोटांची बेचकी, मनगटं, काखा, बेंबीभोवती, कंबरेचा पट्टा, ढुंगण आणि मुलग्यांत लिंग व वृषण. त्या शेवटच्या जागेबद्दल मुलं लाजून बोलत नाहीत, पण तिथल्या खाजणाऱ्या गाठी खरजेची फार पक्की खूण असतात. म्हणून विचारावंच लागतं. मोठ्या माणसांच्या चेहऱ्यावर खरूज सहसा येत नाही, तान्ह्यांच्या चेहऱ्यावर, डोक्यावर आणि तळपायांवर येते.

दुसऱ्या दिवशी रेक्टर आठही मुलांना घेऊन आले. तिघांना खाज होती, पाचांना नव्हती. त्या पाचांतला एक म्हणाला, "सर, मला काहीच होत नाही. मी कशाला लावू?" मी त्याला मुक्या महिन्याचा हिशेब सांगितला. आज आपण तिघांनाच मलम दिलं आणि पाचांतल्या एकाच्या अंगावर एक मादी राहिली, तर मार्चमध्ये हीच रांग पुन्हा लागेल.

शनिवारची रात्र ठरली, कारण रविवारी कॉलेज नव्हतं. सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, ही पहिली अट. पाच टक्क्यांचं पर्मेथ्रिन मलम, दर मुलाला एका वेळेस साधारण तीस ग्रॅमची एक ट्यूब. अंग कोरडं आणि थंड असताना हनुवटीच्या खालपासून तळपायापर्यंत लावायचं. फक्त पुळ्यांवर लावणं ही सर्वांत नेहमीची चूक, कारण कीटक जिथे पुळी नाही तिथेही असतो. कानामागे, बेंबीत, ढुंगणाच्या फटीत, लिंगावर, पायाच्या बोटांत आणि नखं कापून नखांच्या खाली. पाठीला एकमेकांनी लावायचं. रात्री हात धुतले, तर हातांना पुन्हा लावायचं. आठ ते चौदा तास ठेवून सकाळी आंघोळ. पुढच्या शनिवारी हेच सगळं पुन्हा, म्हणजे पहिल्या वेळी वाचलेल्या अंड्यांतून जे बाहेर आलं असेल, ते अंडी घालायच्या आधी मरेल.

एका मुलाच्या अंगावर खाजवून खाजवून जखमा झाल्या होत्या. त्याला मलम झोंबणार होतं, म्हणून आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या दिल्या. मात्रा वजनावर ठरते, किलोमागे 200 मायक्रोग्रॅम. तो 45 किलोचा, म्हणून नऊ मिलिग्रॅम, म्हणजे सहाची एक गोळी आणि तीनची एक, जेवणाबरोबर. हे औषध अंड्यांवर चालत नाही, त्यामुळे एक-दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा टाळता येत नाही. गरोदर बाईला आणि पंधरा किलोंपेक्षा कमी वजनाच्या मुलाला ते सहसा देत नाहीत. तिथे दोन महिन्यांपुढच्या बाळापासून पर्मेथ्रिन वापरता येतं आणि बाळाच्या डोक्यालाही लावायचं असतं. जखमांत पू झाला असेल, तर त्याचं औषध वेगळं घ्यावं लागतं. त्या जंतूंपैकी काही पुढे मूत्रपिंडाला सूज आणू शकतात.

कपड्यांचा बाऊ मात्र नको. मेलनबीने शेफील्डमध्ये, युद्धात लढायला नकार दिलेल्या तरुणांवर त्यांच्या संमतीने प्रयोग केले होते. रुग्णांनी वापरलेल्या चादरींत झोपवून फारच थोड्यांना लागण झाली, रुग्णासोबत एका अंथरुणात झोपवल्यावर मात्र झाली. कीटक माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. म्हणून गेल्या तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, टॉवेल त्या रविवारी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचे. रजई धुता येत नसेल, तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवायची. भिंतींवर फवारणी करायची गरज नाही. एक अपवाद आहे: वयोवृद्ध किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाला होणारी, जाड खपल्यांची खरूज. तिच्यात अंगावर हजारो-लाखो कीटक असतात, खाज मात्र कमी असू शकते, आणि तिथे खपल्या पडलेलं अंथरूणही धोक्याचं ठरतं.

खोलीपुरतं हे पुरतं. पण खोल्याखोल्यांतून रोगी निघू लागले, तर सगळ्या वसतिगृहालाच एकाच वेळी औषध द्यावं लागतं. फिजीच्या बेटांवर यावर अभ्यास झाला आणि तो 2015 साली प्रसिद्ध झाला. एका गटात फक्त रुग्ण आणि त्यांच्या संपर्कातल्यांना मलम दिलं, तिथे वर्षभरात खरजेचं प्रमाण 37 टक्क्यांवरून 19 वर आलं. दुसऱ्या गटात, खाज असो वा नसो, सगळ्यांना आयव्हरमेक्टिन दिलं, तिथे ते 32 टक्क्यांवरून दोनवर आलं.

मुलांना मी आधीच बजावलं होतं: कीटक मेले, तरी खाज दोन ते चार आठवडे राहील. मेलेला कीटक आणि त्याची विष्ठा कातडीबरोबर झडेपर्यंत अॅलर्जी चालू राहते. म्हणून रोज मलम फासत बसू नका, त्याने कातडी आणखी चिडते. खाज हळूहळू उतरत असेल, तर वाट पाहा. नवे बोगदे, नव्या पुळ्या दिसल्या किंवा महिना उलटला, तर परत या. मग कुणी लावायचं राहिलं का, हे आधी तपासायचं आणि औषध बदलायचा विचार त्यानंतर करायचा.

राहणार होतं ते एक घर. मुलाने दवाखान्यातूनच आईला फोन लावला. आई म्हणाली, "अरे, त्या पोराला उष्णता झाली होती. आता आम्हाला सगळ्यांनाच थोडंथोडं खाजतं. पाणी बदललं असेल." पाच माणसांच्या त्या घरानेही तालुक्याच्या डॉक्टरांकडून औषध घेऊन तोच शनिवार पाळला. मावशीच्या घरालाही कळवलं. नाहीतर होळीच्या सुटीत हा मुलगा पुन्हा खरूज घेऊन परतला असता.

रेक्टरांनी वहीत आठ नावं लिहून दोन्ही शनिवारी प्रत्येकापुढे खूण केली. एक मुलगा पहिल्या शनिवारी लग्नाला गेला होता. तो रविवारी रात्री परतला, तेव्हा मलम लावल्याशिवाय त्याला खाटेवर बसू दिलं नाही. मार्चअखेर तिघांची खाज गेली होती आणि नवा रुग्ण नव्हता. "मी कशाला लावू?" विचारणाऱ्याला खाज कधी आलीच नाही. त्याच्या अंगावर मादी होती की नव्हती, हे आता कुणालाच कळणार नाही.